तव्यावरचा थेंब आणि हत्याराचे पाणी

डोशाचा तवा पुरेसा तापला आहे की नाही हे पाहण्यासाठी ओल्या बोटांनी त्यावर चार थेंब शिंपडण्याची रीत घरोघरी आहे. तवा कोमट असेल तर थेंब पसरतो आणि सावकाश वाळतो. तवा चांगला तापला असेल तर ‘चर्र’ असा आवाज होतो आणि थेंब क्षणात नाहीसा होतो. मात्र तवा विसरून आणखी काही मिनिटे आचेवर राहिला, तर एक निराळाच प्रकार दिसतो. चर्र असा आवाज होत नाही. थेंब गोटीसारखा गोल होतो, पाऱ्यासारखा इकडून तिकडे घरंगळतो, थरथरतो, इतर थेंबांना धडकून त्यांना पोटात घेतो आणि बराच वेळ असा नाचून मग कोठे संपतो.

व्यवहारबुद्धीला हे कोडेच वाटते. आच वाढली, तवा अधिक तापला, तर पाणी अधिक लवकर आटायला हवे. येथे ते उलट अधिक काळ टिकते. कमी तापलेल्या तव्यावर सेकंदभरात जाणारा थेंब जास्त तापलेल्या तव्यावर मिनिटभर तग धरतो. या कोड्याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडते, पण त्याची खरी किंमत मोजावी लागते ती लोहाराच्या भट्टीपाशी आणि भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांतील पाण्याच्या हौदापाशी. म्हणून या वेळी तव्यापासून आरंभ करून हौदापर्यंत जाऊ.

वाफेची गादी

ज्या घरांत पिण्याचे पाणी रोज उकळले जाते, त्या घरांतील मंडळींना पाणी उकळण्याच्या पायऱ्या ठाऊकच असतात. प्रथम तळाशी बारीक बुडबुडे धरतात, मग ते सुटून वर येऊ लागतात आणि शेवटी सगळे पाणी खदखदते. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी शंभर अंशांना नव्हे, तर सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. या सर्व पायऱ्यांत एक गोष्ट समान असते. भांड्याचा तळ आणि पाणी एकमेकांना चिकटून असतात, आणि उष्णता धातूतून थेट पाण्यात जाते.

तवा दीडशे अंशांच्या आसपास असताना पडलेल्या थेंबाचेही तसेच होते. तो धातूला स्पर्श करतो, पसरतो, त्याच्या तळाशी असंख्य बुडबुडे एकाच वेळी फुटतात आणि थेंब उडून जातो. चर्र असा आवाज त्या फुटणाऱ्या बुडबुड्यांचाच.

तव्याचे तापमान साधारण दोनशे अंशांच्या पुढे गेले की चित्र पालटते. थेंब तव्याजवळ पोहोचताच त्याचा खालचा पापुद्रा इतक्या झपाट्याने वाफ होतो की उरलेल्या थेंबाला धातूला टेकण्याची संधीच मिळत नाही. थेंबाच्या खाली वाफेचा एक पातळ थर तयार होतो. त्याची जाडी वहीच्या कागदाएवढी, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. तरीही थेंबाचे वजन पेलायला तो पुरतो. थर कडेने सतत निसटत असतो आणि थेंबाच्या तळातून निघणारी नवी वाफ तो सतत भरून काढत असते. थेंब तव्यावर नसतोच. तो स्वतःच्याच वाफेच्या गादीवर तरंगत असतो.

याची खात्री करण्याचा एक सोपा उपाय आहे. सपाट आणि चांगल्या तापलेल्या पृष्ठभागावर मोठा थेंब स्थिर ठेवता आला आणि त्याच्या पलीकडे मेणबत्ती धरून डोळा तव्याच्या पातळीला आणून पाहिले, तर थेंब आणि धातू यांच्यामधील फटीतून ज्योतीचा प्रकाश आरपार दिसतो. स्पर्श असता तर ती फट दिसली नसती.

आता थेंब टिकतो का, हे उघड होते. वाफ ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पाण्याच्या तुलनेत तिच्यातून सुमारे पंचवीस पटींनी कमी उष्णता वाहते. ही गादी म्हणजे थेंबाने स्वतःखाली पसरलेली घोंगडीच होय. तव्यापाशी उष्णता भरपूर आहे, पण ती थेंबापर्यंत पोहोचण्याची वाट अडली आहे.

थेंबाचा जमाखर्च

हा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणारे साधारण वीस थेंब मिळून एक मिलिलिटर होतो. म्हणजे एका थेंबाचे वजन ०.०५ ग्रॅम. खोलीतील २५ अंशांचे पाणी पुण्याच्या हिशेबाने ९८ अंशांपर्यंत आणायला एका थेंबास साडेतीन कॅलरींहून किंचित अधिक उष्णता लागते. मात्र उकळबिंदूवर आलेल्या पाण्याची वाफ करायला दर ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी लागतात, म्हणजे या थेंबाला २७ कॅलरी. एकूण खर्च सुमारे ३१ कॅलरी.

दीडशे अंशांचा तवा हा सगळा खर्च सेकंदभरात चुकता करतो. वीजमापाच्या भाषेत बोलायचे तर त्या क्षणी थेंबाला सुमारे १३० वॅट मिळत असतात. दोनशे अंशांहून अधिक तापलेल्या तव्यावर तीच ३१ कॅलरी पोहोचायला मिनिटभर लागते, म्हणजे थेंबाच्या वाट्याला येतात जेमतेम दोन वॅट. खर्च तोच, पण हप्ते साठपट लहान झाले. तवा अधिक श्रीमंत झाला, पण देणे मात्र आखडले.

वाफेचा हिशेबही लक्षात घ्यावा. एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० मिलिलिटर जागा व्यापते. म्हणजे एका थेंबातून ८५ मिलिलिटर, जवळजवळ अर्धा कप वाफ निघते. गादी सतत भरत ठेवायला एवढा साठा पुरेसा आहे.

थेंब नाचतो का, याचे उत्तरही त्या गादीतच आहे. धातूचा स्पर्श नसल्यामुळे घर्षण जवळजवळ उरत नाही. शेगडीवर तवा कधीच अगदी सपाट बसत नाही. केसभर उतार असला तरी थेंब तिकडे धावतो. थेंबाखालची वाफ सर्व बाजूंनी सारखी निसटली नाही तर जिकडे ती जास्त सुटते त्याच्या विरुद्ध दिशेला थेंब ढकलला जातो. २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखवून दिले की लहान थेंबाच्या आतील पाणी चाकासारखे फिरू लागते, आणि त्यामुळे अगदी सपाट पृष्ठभागावरही तो आपणहून चालू लागतो. त्याआधी २००६ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी तापलेल्या धातूवर करवतीच्या दात्यांसारख्या खाचा पाडून थेंबांना ठरावीक दिशेने पळवले होते. हे थेंब लहानसा चढही चढून जातात. दात्यांच्या उताराने वाफेला एकच वाट दिली की थेंबालाही एकच वाट मिळते.

थेंबाचा अंतही दोन प्रकारे होतो. तवा तापलेलाच राहिला तर थेंब लहान लहान होत मुकाट्याने विरून जातो आणि बोअरवेलच्या जड पाण्याचा असेल तर मागे क्षारांचा पांढरा कण सोडतो. पण आच बंद केली आणि तवा निवत गेला, तर एका क्षणी गादी थेंबाला पेलेनाशी होते. थेंब धातूला टेकतो आणि इतका वेळ शांत असलेले पाणी एकदम चर्र करून उडते. तवा थंड होत असताना पाणी भडकते, ही गोष्ट पुढे हौदाच्या प्रकरणात फार महत्त्वाची ठरणार आहे.

लाल तापलेला चमचा

या प्रकाराला शास्त्रात ‘लायडेनफ्रॉस्ट परिणाम’ म्हणतात. योहान गोटलोब लायडेनफ्रॉस्ट हे जर्मनीतील डुइसबुर्ग येथे वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. पाण्याच्या गुणधर्मांवरील त्यांचा लॅटिन ग्रंथ १७५६ मध्ये प्रसिद्ध झाला. हा चमत्कार त्यांच्याही आधी, १७३२ मध्ये हॉलंडच्या हेर्मान बूरहावे यांनी नोंदवला होता, पण घड्याळ लावून त्याचा पाठपुरावा केला तो लायडेनफ्रॉस्टनी.

त्यांचे साधन होते एक घासून चकचकीत केलेला लोखंडी चमचा. तो कोळशावर लाल होईपर्यंत तापवायचा, बाहेर काढायचा आणि त्यात पाण्याचा एक थेंब सोडायचा. लंबकाच्या हेलकाव्यांनी वेळ मोजायची. पहिला थेंब अर्ध्या मिनिटाच्या आसपास टिकला. तोवर चमचा थोडा निवला होता. दुसरा थेंब सुमारे दहा सेकंद टिकला. त्यानंतरचे थेंब काही क्षणांतच गेले. चमचा जसजसा निवत गेला, तसतसा थेंब लवकर मरत गेला. कोड्याचा सगळा उलटेपणा या एका चमच्यात उतरला होता.

थेंब संपल्यावर चमच्यात उरणाऱ्या बारीक कणावरून मात्र त्यांनी पाण्याचे मातीत रूपांतर होते असा निष्कर्ष काढला, आणि तो चुकीचा ठरला. निरीक्षण अचूक, मोजमाप चोख, पण अर्थ चुकला. म्हणूनच त्यांचे मोजमाप आजही उपयोगी आहे आणि अनुमान विस्मृतीत गेले.

डोशाच्या तव्यापाशी

या माहितीचा स्वयंपाकघरात नेमका उपयोग काय? पहिला असा की थेंब नाचू लागला म्हणजे तवा तयार झाला, असे समजू नये. तो डोशासाठी जास्त तापला आहे. अशा तव्यावर पीठ टाकताच तळाशी आवळते आणि पसरवण्याऐवजी पळीबरोबर उचलले जाते. चर्र करून क्षणात उडणारा थेंब हीच डोशाची योग्य खूण.

दुसरा उपयोग तवा निववण्याचा. उडुप्याच्या हॉटेलात कारागीर मोठ्या तव्यावर पाणी शिंपडतो आणि लगेच झाडूने ते तव्यावर घासून घेतो. घासणे हे केवळ स्वच्छतेसाठी नसते. नुसते शिंपडलेले पाणी अतितप्त तव्यावर नाचत राहते आणि उष्णता फारशी घेत नाही. झाडूचा दाब वाफेची गादी मोडतो, पाणी धातूला टेकते आणि तवा झपाट्याने निवतो. घरी ओल्या फडक्याने किंवा कापलेल्या कांद्याने तवा पुसण्यामागेही हेच आहे.

एका ठिकाणी मात्र थेंबाची परीक्षा फसते. नॉन-स्टिक तव्यावर पाणी मुळातच चिकटत नाही, त्यामुळे तवा गार असतानाही थेंब गोल होऊन घरंगळतो. चांगला मुरलेला, तेलकट लोखंडी तवाही थोडाबहुत असाच फसवतो. खरा फरक असा ओळखावा: गार तव्यावरील थेंब एकदा थांबला की स्वस्थ बसतो, वाफेवरचा थेंब थरथरत राहतो आणि फुंकरीनेही पळतो. शिवाय नॉन-स्टिक तवा रिकामा ठेवून थेंब नाचण्याची वाट पाहणे धोक्याचे आहे. त्या लेपाला २६० अंशांपलीकडची उष्णता सोसत नाही आणि रिकामा तवा तेथवर पोहोचायला फार वेळ घेत नाही.

हत्याराला पाणी देणे

मराठीत धारेच्या हत्याराला ‘पाणी दिले’ असे म्हणतात. चांगल्या तलवारीला आणि तेजस्वी माणसालाही ‘पाणीदार’ हे विशेषण लागते ते याच व्यवसायातून. कोयता किंवा छिन्नी घडवून झाली की लोहार ती लालभडक तापवतो आणि पाण्यात बुडवतो. पोलाद झपाट्याने निवले की कठीण होते. सावकाश निवले की मऊ राहते. पुण्याच्या वाहन-उद्योगातील आस, दातेरी चाके, खिळी यांना हाच संस्कार मोठ्या भट्ट्यांत आणि मोठ्या हौदांत दिला जातो. मुंढव्यात १९६१ मध्ये सुरू झालेल्या भारत फोर्जपासून भोसरीच्या एका गाळ्यातील छोट्या ‘हीट ट्रीटमेंट’वाल्यापर्यंत सर्वांना त्याच वाफेच्या गादीशी सामना करावा लागतो.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. बाजारात ‘ईएन-८’ या नावाने मिळणाऱ्या, सुमारे ०.४ टक्के कार्बन असलेल्या पोलादाची २५ मिलिमीटर जाडीची एक खीळ आहे. ती ८५० अंशांच्या आसपास तापवून, आतपर्यंत सारखी तापेपर्यंत भट्टीत ठेवून, पाण्याच्या हौदात सोडली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की आता भयंकर उकळी फुटेल. प्रत्यक्षात पहिले क्षण आश्चर्यकारकपणे शांत असतात. पाण्याखाली खीळ अजून लालच दिसते आणि तिच्याभोवती चकचकीत आवरण दिसते. ते आवरण म्हणजे वाफ. तव्यावरच्या थेंबाखाली होती तीच गादी, फक्त येथे उलटी: तेथे पाणी धातूवर तरंगत होते, येथे धातू वाफेच्या पिशवीत बुडाला आहे.

थोड्या वेळाने खिळीचा पृष्ठभाग पुरेसा निवतो आणि आवरण फाटते. सहसा ते टोकांपासून, कंगोऱ्यांपासून फाटायला सुरुवात होते. पाणी पोलादाला टेकते आणि खरी उकळी फुटते: हौद गडगडतो, बुडबुडे उसळतात आणि उष्णता अतिशय वेगाने निघून जाते. शेवटी पृष्ठभाग उकळबिंदूच्या खाली आला की सगळे शांत होते आणि खीळ साध्या गार पाण्यात निवत राहते. शांत, गडगडाट, पुन्हा शांत: हौदाचे हे तीन आवाज अनुभवी कारागीर कानांनी ओळखतो.

अडचण पहिल्या शांततेत आहे. या प्रकारच्या पोलादाने ७०० ते ५०० अंशांमधला टप्पा सेकंद-दोन सेकंदांत ओलांडला पाहिजे. तसे झाले तरच त्याच्या अंतर्गत कणांची कठीण रचना बनते. त्या टप्प्यात ते रेंगाळले तर मऊ रचना आधीच बनून जाते, आणि मग पुढे कितीही गार पाणी लागले तरी उपयोग होत नाही. वाफेचे आवरण नेमके याच वेळी पोलादाला रेंगाळायला लावते. आवरण सगळीकडून एकदम फाटले तर ठीक. पण खिळीच्या एका बाजूला वाफेचा बुडबुडा चिकटून राहिला, तर तेवढीच जागा मऊ राहते. बाहेरून खीळ सगळीकडे सारखीच दिसते. दोष कळतो तो वापरात: कोयत्याची धार एकाच जागी वळते, खीळ एकाच बाजूने झिजते.

म्हणून कारागीर जे उपाय करतात, ते सगळे वाफेचे आवरण मोडण्याचे आहेत. तुकडा पाण्यात नुसता सोडून देत नाहीत. चिमट्यात धरून वरखाली किंवा आठच्या आकड्यासारखा फिरवत राहतात. झाडूने तवा घासण्याचेच हे दुसरे रूप. पाणी गार ठेवतात. एकामागून एक लाल तुकडे बुडवल्याने हौदाचे पाणी तापते आणि कोमट पाण्यात आवरण फार वेळ टिकते. सकाळी चांगला निघालेला माल दुपारी मऊ निघाला, तर भट्टीला दोष देण्याआधी हौदात थर्मामीटर बुडवून पाहावा. वीस-पंचवीस अंश चांगले. चाळीसच्या पुढे गेले की सावध व्हावे. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा साबणाचा अंश असेल तरीही आवरण चिवट होते. आणि आरपार नसलेले भोक असेल तर त्याचे तोंड वर ठेवावे, म्हणजे आत वाफ कोंडून राहत नाही.

सर्वांत जुना उपाय मिठाचा. पाण्यात पाच ते दहा टक्के मीठ घातले की पहिल्याच क्षणी लाल पृष्ठभागावर मिठाचे बारीक कण बसतात आणि तडतडून उडतात. त्या तडतडण्याने आवरण जागोजाग फाटते आणि पाणी सगळीकडून एकदम लागते. पण या उपायालाही किंमत आहे. निवणे इतके उग्र होते की पातळ किंवा टोकदार कंगोऱ्यांच्या वस्तूंना तडा जाऊ शकतो, आणि नंतर नीट धुतले नाही तर गंज चढतो. ज्या पोलादात मिश्रधातू अधिक असतात त्यांना इतक्या घाईची गरज नसते. त्यांना तेलात निववतात. त्यांना पाणी द्यायला गेले तर ती तडकतात.

हा सगळा खटाटोप पोलादालाच लागू आहे, हेही ध्यानात असावे. कसब्यातील तांबट आळीत ज्या धातूवर ठोके पडतात, ते तांबे लाल करून पाण्यात बुडवले तर वाफेचे आवरण तसेच बनते, शांतता आणि गडगडाटही तसाच होतो. पण तांबे कठीण होत नाही, उलट तापवल्यामुळे मऊच होते. वाफेचा नियम धातू पाहत नाही. निवण्याच्या वेगाने गुण बदलणे हा मात्र पोलादाचा स्वभाव आहे.

कानशीची परीक्षा

पाणी नीट बसले की नाही हे पाहण्यासाठी मोठ्या कारखान्यात कठीणपणा मोजण्याचे यंत्र असते. आपल्या उदाहरणातील खीळ नीट कठीण झाली तर त्याच्या ‘रॉकवेल सी’ मापावर आकडा पन्नासच्या आसपास येतो. वाफेने मऊ ठेवलेल्या जागी तो तीसच्या खालीही उतरतो. हे आकडे पाणी दिल्यावर लगेचचे आहेत. त्यानंतर ठिसूळपणा घालवण्यासाठी वस्तू पुन्हा मंद तापवतात आणि आकडा थोडा खाली आणतात. तसे न केलेले हत्यार दगडावर आपटताच तुटते.

यंत्र नसेल तेथे नवी कानस पुरते. कानस हलक्या हाताने हत्याराच्या धारेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावी. कठीण जागी ती काचेवरून घसरावी तशी घसरते आणि आवाज बारीक येतो. मऊ जागी ती चावते, हाताला ओढ जाणवते आणि लोखंडाचा चमकता कीस दिसतो. एकाच धारेवर कानस दोन ठिकाणी घसरली आणि मध्ये बोटभर जागेत चावली, तर ते पोलाद वाईट नाही. त्या जागी वाफ बसून राहिली होती. रविवार पेठेतील हत्यारांच्या दुकानदाराला हा फरक कळणे फायद्याचे आहे, कारण दोन्ही दोषांचा जाब वेगवेगळ्या माणसाला विचारावा लागतो. सगळे हत्यार मऊ असेल तर पोलाद हलके आहे किंवा भट्टी कमी तापली. तो प्रश्न माल घडवणाऱ्याच्या खरेदीचा आणि भट्टीचा. डागांसारखा मऊपणा असेल तर तो हौदाचा दोष. असा माल मोडीत काढण्याचे कारण नाही. तो परत पाठवून, पुन्हा लाल तापवून, गार पाण्यात हलवत पाणी दिले तर बहुतेक वेळा सुधारतो.